घंटेचा ठोका कापला तर: टेपवरच्या संगीताची सुरुवात

देवळातली घंटा एकदा वाजवा आणि नीट ऐका. आधी 'ठण्' असा टोकदार ठोका येतो. त्यामागून चार-पाच सेकंद हळूहळू विरत जाणारी आस येते. आपण घंटा ओळखतो ती या दोन्हींमुळे, असं आपल्याला वाटत असतं. आता हा आवाज रेकॉर्ड करा, पहिला पाव सेकंद कापून टाका आणि उरलेला भाग घंटा न पाहिलेल्या माणसाला ऐकवा. तो बहुधा घंटेचं नाव घेणार नाही. एखादं फुंकून वाजवायचं वाद्य आहे, असं त्याला वाटेल.

हा प्रयोग १९४८ च्या वसंतात पॅरिसमध्ये प्येर शेफेर यांनी केला. शेफेर फ्रेंच रेडिओत अभियंता होते. त्यांच्या टिपणांत नोंद आहे, की ठोका काढून घेतला की घंटेतून ओबोचा सूर निघतो. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीचं, दुहेरी पातीचं पाश्चात्त्य वाद्य. तेव्हा त्यांच्याकडे टेप नव्हती, सगळं काम तबकडीवर चालायचं. त्यामुळे त्यांनी कापलं काहीच नाही. ठोका पडेपर्यंत आवाजाचं बटण शून्यावर ठेवलं आणि ठोका गेल्यावर ते वर नेलं. एवढ्याशा कृतीतून त्यांना आपल्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज सापडलं.

तोपर्यंत संगीत रचणं म्हणजे स्वर ठरवणं. कोणता स्वर, किती वेळ, कोणत्या वाद्यावर, एवढं ठरलं की आवाज कसा येणार ते वाद्यच ठरवायचं. शेफेर यांच्या हातात स्वर नव्हता, आधीच होऊन गेलेला आवाज होता, आणि तो आतून उघडून बदलता येत होता. असल्या आवाजांपासून केलेल्या रचनांना त्यांनी 'म्युझिक काँक्रेत' असं नाव दिलं. रचनाकार इथे कागदावरच्या अमूर्त खुणांपासून सुरुवात करत नाही. तो प्रत्यक्ष कानावर पडणाऱ्या आवाजापासून सुरुवात करतो, म्हणून 'काँक्रेत', म्हणजे मूर्त.

त्यांची पहिली रचना रेल्वेवर आहे. पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून त्यांनी सुमारे तीन मिनिटांची 'एत्युद ओ शेमँ द फेर' केली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती अशाच आणखी काही रचनांसोबत रेडिओवरून प्रसारित झाली. त्यातलं मुख्य हत्यार होतं 'बंद खाच'. तबकडीवरची खाच एरवी गोगलगायीच्या शंखासारखी आत आत जाते. शेफेर ती एका वर्तुळात बंद करून घेत, म्हणजे सुई पुन्हा पुन्हा त्याच फेऱ्यात फिरत राहायची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ०.७७ सेकंदाचा असतो. तेव्हा आवाजाचा एवढाच तुकडा परत परत वाजायचा. डब्याचा खडखडाट दोनदा ऐकला तर तो डब्याचाच वाटतो. तोच दहा-बारा वेळा आला की डबा विसरायला होतं आणि त्याची लय, त्याचा खरखरीतपणा, त्यातले चढ-उतार ऐकू येऊ लागतात. अर्थात हे पूर्ण साधत नाही. शिट्टी आली की आगगाडी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहतेच, आणि शेफेर स्वतःही या रचनेवर याच कारणाने नाखूश होते.

तबकडीची अडचण अशी, की तुकड्याची लांबी आपण ठरवत नाही, ती फेरा ठरवतो. शिवाय एकदा कोरलेलं पुसता येत नाही. शेफेर यांच्या स्टुडिओत टेपरेकॉर्डर आले ते १९५१ च्या सुमारास, आणि कामाची पद्धतच बदलली.

टेपवर वेळ मोजपट्टीने मोजता येतो. स्टुडिओतली नेहमीची फीत पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंद असते. ती सेकंदाला ३८.१ सेंटिमीटर या वेगाने हेडसमोरून, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागासमोरून सरकते. म्हणजे एक सेकंदाचा आवाज ३८.१ सेंटिमीटर लांब, आणि त्याचा दहावा भाग साधारण बोटाच्या दोन पेरांएवढा. टेबलावर पसरून, बोटाने मापून, ब्लेडने कापता येईल अशी गोष्ट आता आवाज झाली. अर्धा सेकंद शांतता हवी असेल तर १९ सेंटिमीटर कोरी फीत मध्ये जोडायची. दोन आवाजांत तीनास दोन असं प्रमाण हवं असेल तर तुकडे तीनास दोन लांबीचे कापायचे.

आता घंटेचाच प्रयोग टेपवर करून पाहू. घंटेचं रेकॉर्डिंग मशीनवर लावायचं. मोटर बंद ठेवून दोन्ही रिळं हातांनी पकडायची आणि फीत प्लेबॅक हेडवरून हळूहळू पुढे-मागे सरकवायची. स्पीकरमधून घोगरा गुरगुराट ऐकू येतो. ठोका जिथे सुरू होतो तिथे तो गुरगुराट एकदम उसळतो. ती जागा हेडच्या फटीच्या बरोबर समोर आणायची आणि फितीच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने पिवळी किंवा पांढरी रेघ ओढायची. पाठीवरच का? कारण दुसऱ्या बाजूला चुंबकीय लेप असतो. त्यावर मेण किंवा बोटाचं तेल लागलं की फीत तेवढ्या जागी हेडला टेकत नाही आणि आवाज क्षणभर मंद होतो, विशेषतः त्याची धार जाते.

रेघेपासून पुढे पाव सेकंद म्हणजे ९.५ सेंटिमीटर मोजून दुसरी रेघ काढायची. मग फीत खाचेच्या ठोकळ्यात बसवायची. हा ॲल्युमिनियमचा छोटा ठोकळा असतो. त्यात फितीच्या रुंदीची खाच असते आणि ब्लेड फिरवायला तिरप्या चिरा असतात. दोन्ही रेघांवर कापलं की मधला तुकडा, म्हणजे ठोका, हातात येतो. उरलेल्या आसेच्या पुढे रंगीत, बिनआवाजाची फीत जोडायची. दोन्ही टोकं खाचेत एकमेकांना नेमकी भिडवायची आणि पाठीवर जोडपट्टी बसवून नखाने घासायची.

इथली खरी मेख कापण्याच्या कोनात आहे. सरळ, काटकोनात कापलं तर आस एकदम पूर्ण ताकदीने सुरू होते. जिथे कापलं तिथे ध्वनिलहर शून्यावर असेलच असं नाही, त्यामुळे शून्यातून थेट मोठ्या मूल्यावर उडी पडते आणि 'टक्' ऐकू येतं. म्हणजे घंटेचा ठोका काढला, पण ब्लेडने नवा ठोका दिला! तेच ४५ अंशांत कापलं तर कापाची तिरकी रेघ फितीच्या लांबीत ६.३५ मिलिमीटर पसरते, आणि सेकंदाला ३८.१ सेंटिमीटरच्या वेगाला ते अंतर ओलांडायला सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात आवाज शून्यातून वर येतो आणि 'टक्' जवळजवळ नाहीसं होतं. त्याहून तिरका, पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा काप हाताने घेतला तर आवाज दीड दशांश सेकंदभर उमलत येतो. घंटेतून फुंकवाद्य ऐकू येतं ते अशा कापाने. एकच आस, कोन वेगळा, की वाद्य वेगळं. आवाजाची सुरुवात किती चटकन होते यावर त्याची ओळख किती अवलंबून असते, हे या कामातून रचनाकारांच्या बोटांना कळलं.

मात्र हा नियम सगळीकडे सारखा चालत नाही. पियानोच्या खालच्या सप्तकातल्या सुराचा पहिला अर्धा सेकंद कापला तरी उरलेला सूर पियानोचाच वाटतो. तिथे ओळख ठोक्यात कमी आणि सूर विरण्याच्या पद्धतीत जास्त असते. वरच्या सुरांची आस आखूड असते, म्हणून तिथे ठोका गेला की पियानोही गेला. शेफेर यांनी हे प्रयोग वर्षानुवर्षं केले आणि १९६६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात मांडले.

जोडकामातल्या चुका कानाला ओळखता येतात. जोडावर 'टप्' असा जाड आवाज आला तर ब्लेड चुंबकित झालेलं असतं आणि त्याने कापाच्या कडेवर स्वतःची खूण सोडलेली असते. खात्री करायची तर कोऱ्या फितीचे दोन तुकडे त्याच ब्लेडने कापून जोडायचे. शांततेतही 'टप्' ऐकू आलं, तर दोष ब्लेडचा. ते बदलायचं किंवा डिमॅग्नेटायझरवरून फिरवायचं. जोडावर आवाज क्षणभर बुडाला तर दोन टोकांमध्ये फट राहिली आहे. टोकं एकमेकांवर चढली असतील तर तिथे फीत जाड होते, हेडवरून उडते, आणि तेव्हाही आवाज बुडतो. शिवाय कातरण्याचं काम कितीही घाईचं असलं तरी घरगुती चिकटपट्टी वापरायची नाही. तिचा गोंद कडेतून बाहेर येतो, रिळातले थर एकमेकांना चिकटतात, आणि काही महिन्यांनी जोड सुटताना शेजारच्या फितीचा लेपही उचलून नेतो. खरी जोडपट्टी फितीपेक्षा किंचित अरुंद असते ती यासाठीच.

कापण्याइतकंच महत्त्वाचं दुसरं हत्यार म्हणजे वेग. आपल्या घंटेची आस चार सेकंदांची आहे आणि ती 'सा'वरून 'प'वर न्यायची आहे, असं धरू. 'प' म्हणजे दीडपट कंपनं, म्हणून फीत दीडपट वेगाने वाजवायची. सूर मिळतो, पण चार सेकंदांची आस २.७ सेकंदांत संपते. एवढ्यावर भागत नाही. चांगल्या घंटेच्या आसेत एक लहर असते, आवाज सेकंदाला दोन-तीन वेळा झुलतो. मूळ झुलणं सेकंदाला तीन वेळा असेल तर आता ते साडेचार वेळा होतं आणि घंटा लहान, हलकी वाटू लागते. उलट वेग निम्मा केला तर सूर एक सप्तक खाली येतो, आस आठ सेकंदांची होते, आणि देवघरातली घंटी जणू मोठ्या देवळाची घंटा होते. वाद्यावर सूर बदलला तरी लांबी वादकाच्या हातात राहते. टेपवर मात्र सूर, लांबी आणि आतली हालचाल एकाच दोरीला बांधलेली असते. एक ओढलं की बाकीचं येतंच.

वेग बदलण्यासाठी जाक पुलँ या अभियंत्याने शेफेर यांच्या स्टुडिओत फोनोजेन नावाचं यंत्र बनवलं. फीत ओढणारा दांडा जाड असला तर फीत जलद सरकते, बारीक असला तर सावकाश. फोनोजेनमध्ये वेगवेगळ्या जाडीचे बारा दांडे होते आणि प्रत्येकासाठी एक पट्टी. पट्टी दाबली की तो दांडा फितीला लागायचा. मोटरचे वेग दोन असल्याने दोन सप्तकं मिळायची. पेटीसारखी पट्टी दाबून आगगाडीचा आवाज सुरात वाजवता येत होता. तरीही रचनाकार यावर फार रमले नाहीत, आणि ते बरोबरच होतं असं आम्हाला वाटतं. पट्ट्या आल्या की हात आपोआप जुन्या चालींकडे वळतात, आणि आवाजाचं आतलं रूप पुन्हा मागे पडतं.

याच काळात जर्मनीतल्या कोलोनच्या रेडिओत दुसरा विचार चालू होता. तिथल्या मंडळींना होऊन गेलेला आवाज नको होता. आवाज मुळापासून बांधायचा, तोही सर्वांत साध्या घटकातून, असा त्यांचा आग्रह. तो घटक म्हणजे साइन सूर: एकच कंपनसंख्या, कसलेही स्वरांश नाहीत. प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या यंत्रातून तो मिळायचा. तंबोऱ्याच्या आवाजात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कितीतरी कंपनं मिसळलेली असतात. ती आपण स्वतः निवडून मिसळली तर कुठल्याच वाद्यात नसलेला आवाज मिळेल, असा हा हिशेब.

कोलोनमधले संगीतकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन यांची १९५४ ची 'श्टूडिए २' ही सुमारे तीन मिनिटांची रचना या दृष्टीने उघडून पाहण्यासारखी आहे. त्यांनी आधी स्वरांची नवी शिडी केली. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कधी कधी गंधार आपोआप ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार. तो मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा असतो. स्टॉकहाउझन यांनी नेमकी हीच एकास पाचची उडी घेऊन तिच्या २५ समान पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरी आधीच्या १.०६६५ पट, पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतरापेक्षा जराशी मोठी. सेकंदाला १०० कंपनांपासून सुरू करून ८१ स्वर घेतले. या शिडीत कुठल्याही दोन स्वरांत नेमकं एका सप्तकाचं अंतर पडत नाही, कारण दुप्पट व्हायला १०.७७ पायऱ्या लागतात. 'सा' पुन्हा कधीच भेटत नाही. ऐकताना पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं त्यामागे हे कारण आहे.

मग पाच-पाच स्वरांची मिश्रणं. सर्वांत दाट मिश्रणात लागोपाठच्या पायऱ्या घ्यायच्या: १००, १०६.७, ११३.७, १२१.३ आणि १२९.४ कंपनं. हे इतके जवळ असतात की एकत्र गुरगुरतात. सर्वांत विरळ मिश्रणात पाच-पाच पायऱ्यांच्या अंतराने: १००, १३८, १९०, २६३ आणि ३६२. यात वेगळे सूर काहीसे जाणवतात. अशी एकूण १९३ मिश्रणं त्यांनी वापरली.

हे मिसळायचं कसं? सरळ मार्ग म्हणजे एक सूर फितीवर घ्यायचा, तो वाजवत दुसऱ्या फितीवर दुसऱ्या सुरासकट उतरवायचा, आणि असं पुढे. पण प्रत्येक फितीला स्वतःचा 'हिस्स' आवाज असतो आणि नक्कल करताना जुना अधिक नवा असा तो साठत जातो. मूळ फितीवरून पहिली नक्कल, तिच्यावरून दुसरी, तिच्यावरून तिसरी, एवढ्यात हिस्स सुमारे ६ डेसिबलने वाढतो. साइन सूर इतका स्वच्छ असतो की त्यामागचा हिस्स लपत नाही. आधीच्या वर्षीच्या 'श्टूडिए १'मध्ये स्टॉकहाउझन यांना हा त्रास झाला होता.

या वेळी त्यांनी वेगळी वाट काढली. पाचही सूर वेगवेगळे रेकॉर्ड करून प्रत्येकाचा ४ सेंटिमीटरचा तुकडा कापला आणि ते एकामागे एक जोडले. कोलोनला फीत सेकंदाला ७६.२ सेंटिमीटर वेगाने चालायची, म्हणजे एक तुकडा सेकंदाच्या एकोणिसाव्या भागाएवढा आणि पाचही मिळून पाव सेकंद. ही चिमूटभर फीत एका मोकळ्या, घुमणाऱ्या खोलीत स्पीकरवरून वाजवली. त्या खोलीत आवाज सुमारे दहा सेकंद घुमत राहायचा. पाच सूर खोलीत एकमेकांत विरघळले आणि तो निनाद दुसऱ्या फितीवर घेतला. मिसळण्याचं काम फितीने न करता हवेने केलं, म्हणून नकलांच्या पिढ्या वाचल्या. शिवाय निनादामुळे सुरांना एक दाणेदारपणा आला, जो पाच साइन सूर नुसते एकत्र वाजवून येत नाही. वाढत जाणारा आवाज हवा असेल तेव्हा विरत जाणाऱ्या निनादाची फीत उलटी लावली. हे करताना एक काळजी घ्यावी लागते. फितीच्या पूर्ण रुंदीवर एकच ट्रॅक असेल तरच टोकं उलटी करून आवाज उलटा वाजतो. अर्ध्या रुंदीच्या ट्रॅकवर तसं केलं तर हेडसमोर दुसरीच, कोरी बाजू येते.

पॅरिस आणि कोलोन यांच्यात तेव्हा कडाक्याचा वाद होता. टेबलावर मात्र दोघांकडे तीच फीत, तेच ब्लेड आणि तीच मोजपट्टी होती. दोन वर्षांत स्टॉकहाउझन यांनी स्वतः 'गेझांग डेर युंगलिंगं'मध्ये एका मुलाचा रेकॉर्ड केलेला आवाज आणि साइन सूर एकत्र आणले. ही रचना १९५६ च्या मे महिन्यात प्रथम ऐकवली गेली.

'श्टूडिए २'ची लिखित प्रतही १९५६ मध्ये छापली गेली. तिच्यात पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पाच ओळी नाहीत. वरच्या पट्ट्यात कंपनसंख्या आहेत आणि प्रत्येक मिश्रण एका चौकटीसारखं काढलेलं आहे. खालच्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने चढतो-उतरतो ते त्रिकोण-चौकोनांनी दाखवलेलं आहे. मधल्या पट्ट्यात काळ लिहिला आहे. तिथे मात्रा नाहीत आणि सेकंदही नाहीत, फितीची लांबी आहे, सेंटिमीटरमध्ये.